सोळा आणि चोवीस

(जामनेर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



निकालाच्या दिवसांत जामनेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानापाशी दहा मिनिटं उभं राहा. एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, एकूण एकोणसाठ आहेत. मग नापास कसा?" विचारणारा मुलगा असतो, कधी त्याचा बाप असतो. बापाच्या काळी शंभरातले पस्तीस म्हणजे पास, एवढाच हिशोब होता. त्यामुळे एकोणसाठ आणि नापास हे दोन शब्द एका कागदावर पाहून तो गोंधळतो. आज मी त्याच कागदाबद्दल बोलणार आहे.

आपलं विद्यापीठ १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून जळगावात सुरू झालं आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. इथल्या पदवीचा शंभर गुणांचा पेपर सहसा एकसंध नसतो. त्यातले ४० गुण महाविद्यालय देतं, त्याला मुलं 'इंटर्नल' म्हणतात. उरलेले ६० गुण विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला दोन्हीकडे स्वतंत्रपणे चाळीस टक्के लागतात. म्हणजे चाळिसातले सोळा आणि साठातले चोवीस. परीक्षा विभागात या प्रत्येक तुकड्याला 'हेड' म्हणतात. गुणपत्रिकेवर बेरीज छापलेली असते, पण निकाल त्या बेरजेवर लागत नाही. आधी हेड तपासले जातात. एखादा हेड जरी रेषेखाली असला तरी पेपर गेला, मग बेरीज काहीही असो.

फळ्यावर चार गुणपत्रिका लिहितो. मुलं काल्पनिक आहेत, आकडे रोजचे आहेत.

पहिली: इंटर्नल ३६, लेखी २०, एकूण ५६.
दुसरी: इंटर्नल १४, लेखी ४५, एकूण ५९.
तिसरी: इंटर्नल १६, लेखी २४, एकूण ४०.
चौथी: इंटर्नल ३८, लेखी ४, एकूण ४२.

नुसत्या बेरजेवर चाळीसची रेष ओढली तर चौघंही पास. वेगवेगळ्या हेडच्या नियमानं फक्त तिसरा पास, आणि त्याचेच गुण सर्वांत कमी. छप्पन आणि एकोणसाठवाले नापास, चाळीसवाला पास. बापाला हे अन्यायाचं वाटतं. पण चौथ्या गुणपत्रिकेकडे पाहा. साठ गुणांच्या पेपरात चार गुण मिळवणारी मुलगी बेरजेच्या नियमानं पदवीच्या वाटेवर पुढे जाते. तो निकाल तुम्हाला मान्य आहे का? नसेल, तर कुठली तरी स्वतंत्र रेष तुम्हाला ओढावीच लागेल. वाद फक्त कुठे ओढायची, याचाच उरतो.

खरं तर साठ-चाळीसमध्ये ही रेष गणितानंच लादलेली आहे. इंटर्नलचे गुण वीस असतील तर ते सगळे मिळवूनही कुणी चाळिसाची रेष गाठू शकत नाही, लेखी पेपर लिहावाच लागतो. इंटर्नल चाळीस झाले आणि उत्तीर्णतेची रेषही चाळीसच राहिली, की चाळिसातले चाळीस मिळवणारा विद्यार्थी लेखी परीक्षेला शून्य मिळवून पास होऊ शकतो. अंतर्गत गुणांचा वाटा उत्तीर्णतेच्या रेषेजवळ जाईल तशी लेखीची स्वतंत्र किमान मर्यादा अपरिहार्य होत जाते. नवीन अभ्यासक्रम आखणाऱ्या समित्यांत इंटर्नल तीस ठेवायचं की चाळीस यावर तासन्‌तास चर्चा होते. त्या वाट्याबरोबर रेषेची जागाही हलवावी लागते, हे मात्र अनेकदा शेवटच्या पानावर आठवतं.

वाटा वीसच असला तरी काय होतं, ते दहावीत आपण सगळ्यांनी पाहिलं. राज्य मंडळाच्या दहावीत लेखी ८० आणि अंतर्गत २०, दोन्ही मिळून पस्तीस हवेत. शाळेनं तोंडी परीक्षेचे वीसपैकी वीस दिले, तर लेखीत ऐंशीपैकी पंधरा पुरतात. टक्क्यांत सांगायचं तर एकोणिसाच्या आत. कागदावर उत्तीर्णतेची रेष पस्तीस टक्के, प्रत्यक्षात लेखीची रेष एकोणीस टक्के. वीसपैकी सतरा दिले तर लेखीत अठरा लागतील. म्हणजे लेखीची रेष ठरवते शाळा, आणि ती प्रत्येक शाळेत वेगळी. २०१८-१९ च्या शैक्षणिक वर्षात भाषा आणि समाजशास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. ओरड झाली, त्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला.

यावरून लगेच 'तोंडीचे गुण म्हणजे फुकटचे गुण' असा निष्कर्ष काढू नका. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, आणि २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीनं दिले गेले. आकड्यांत दोन-तीन कारणं मिसळलेली आहेत. पण दिशा स्पष्ट आहे. आणि २०२१ ला तर लेखी परीक्षाच झाली नाही, निकाल शाळांच्या मूल्यमापनावर लागला. तो होता ९९.९५ टक्के. बाहेरची रेष पूर्ण काढली की पास-नापास या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही, याचा याहून मोठा प्रयोग कुणी मुद्दाम केला नसता.

म्हणून लेखीच्या चोवीसच्या बाजूनं मी निःशंक उभा आहे. सोळाच्या बाबतीत माझं मन तसं स्वच्छ नाही, आणि आजचा वेळ मला तिथे द्यायचा आहे.

इंटर्नलची किमान मर्यादा कशासाठी? उत्तर ठरलेलं असतं: मुलानं वर्षभर वर्गात यावं, चाचण्या द्याव्यात, स्वाध्याय लिहावेत. हेतू चांगला आहे. आता ही मर्यादा प्रत्यक्षात कुणाला अडवते ते पाहू. इंटर्नलचे गुण देणारा आणि मुलाला रोज वर्गात भेटणारा माणूस एकच असतो. तेरा गुण मिळालेल्या मुलाचं वर्ष आपल्या पेनानं अडकणार, हे त्याला माहीत असतं. तो तेराचे सोळा करतो. मी त्याला दोष देत नाही, मीही शिक्षकच होतो. पण त्यानं काय होतं ते गुणयादीत दिसतं. विद्यापीठाकडे जाणाऱ्या अंतर्गत गुणांच्या यादीत वरून खाली बोट फिरवा. सोळा, सतरा, सोळा, एकोणीस, सोळा, सोळा. बारा, तेरा, चौदा, पंधरा हे आकडे जवळजवळ गायब. खऱ्या मोजमापात रेषेच्या अलीकडे-पलीकडे सारखीच गर्दी असते. रेषेच्या अलीकडे खड्डा आणि बरोबर रेषेवर ढीग दिसला की समजावं, इथे गुण मोजलेले नाहीत, ठरवलेले आहेत. आणखी एक खूण आहे. त्याच विषयाच्या इंटर्नल आणि लेखी गुणांची टक्केवारी शेजारी ठेवा. पाच-दहा टक्क्यांचा फरक समजण्यासारखा, कारण चाचणीत अभ्यासक्रम थोडा असतो. सगळ्या वर्गाला इंटर्नलमध्ये नव्वद टक्के आणि लेखीत तीस, असं दिसलं तर तो फरक मुलांमधला नाही.

म्हणजे सोळाची रेष कच्च्या मुलाला फारशी अडवत नाही. मग ती अडवते कुणाला? ती अडवते गैरहजर मुलाला. ज्याची उत्तरपत्रिकाच नाही, त्याला दयाळू शिक्षकही गुण देऊ शकत नाही.

आपली दुसरी गुणपत्रिका इथे येते. इंटर्नल १४, लेखी ४५. समजा चाळीस गुणांची वाटणी अशी आहे: दोन चाचण्या प्रत्येकी पंधराच्या, स्वाध्यायाला पाच आणि उपस्थितीला पाच. या मुलाला पहिल्या चाचणीत नऊ मिळाले, स्वाध्यायात तीन, उपस्थितीत दोन. दुसऱ्या चाचणीला तो नव्हता. बेरीज चौदा. दुसरी चाचणी होती ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहूर, नेरी, फत्तेपूरकडच्या घरांत काय चालू असतं, ते या सभागृहाला मी सांगायची गरज नाही. कापूस फुटलेला असतो, मजूर मिळत नाहीत, वेचणीला घरचे हात लागतात. वेचलेला कापूस व्यापाऱ्याला दिला की पैसे येतात, आणि त्या पैशांतून बहुतेक वेळा याच मुलाची फी भरलेली असते. तो चाचणीला आला नाही. लेखी परीक्षेला मात्र आला आणि साठपैकी पंचेचाळीस मिळवून गेला. विषय त्याला येत नाही असं कुठलाही परीक्षक म्हणणार नाही. तरी तो नापास.

आता त्यानं काय करायचं? पहिल्या गुणपत्रिकेतल्या, लेखीत वीस मिळवणाऱ्या मुलीची वाट सरळ आहे. तिचे इंटर्नलचे छत्तीस तसेच राहतात आणि ती पुढच्या सत्रात फक्त लेखी पेपर पुन्हा देते. इंटर्नलला अडकलेल्या मुलासाठी विद्यापीठ पेपर काढत नाही. त्याची चाचणी महाविद्यालयानं घ्यायची, शिक्षकानं तपासायची, आणि ती यादी दुरुस्त होऊन विद्यापीठात पोचायची. या साखळीतली एक कडी राहिली की निकाल राखीव पडतो. महाविद्यालय बदललं असेल, विषयशिक्षक तासिका तत्त्वावरचे असतील आणि मेमध्ये त्यांची नेमणूक संपली असेल, तर ही परीक्षा नेमकी कुणी घ्यायची हेच ठरत नाही. लेखीत नापास होणं महागात पडतं, पण ते निस्तरता येतं. इंटर्नलमधलं नापास होणं दिसायला दोन गुणांचं असतं आणि निस्तरायला जास्त वेळ घेतं.

इथे कुणी म्हणेल, ग्रेस असते ना. असते, पण तीही हेडवर चालते. मुंबई विद्यापीठाचा अध्यादेश ५०४२-अ पाहा. पन्नास गुणांपर्यंतच्या हेडला जास्तीत जास्त दोन ग्रेस गुण, एक्कावन्न ते शंभरच्या हेडला तीन, असं ते वाढत जातं, आणि सगळ्यांची बेरीज परीक्षेच्या एकूण गुणांच्या एक टक्क्यापेक्षा जास्त होता कामा नये. आपल्या साठ-चाळीसला हे लावून पाहू. चाळीसच्या हेडला दोन, साठच्या हेडला तीन. चौदा आणि एकवीस गुणांचा मुलगा, परीक्षा एकूण सहाशे गुणांची. दोन अधिक तीन, पाच गुणांत तो पास. याच मुलाला पस्तीस आणि पेपर शंभरचा एकच हेड मानला असता तर ग्रेस तीनच, दोन गुण कमीच पडले असते. म्हणजे हेडची विभागणी कधी मुलाच्या फायद्याचीही ठरते.

पण त्याच विद्यापीठाचा अध्यादेश ५०४५-अ नेमका उलटा चालतो. बाकी सगळं पास आणि फक्त एका हेडमध्ये अडकलेल्या मुलाची तूट माफ करायची, अशी ती सवलत आहे. एकूण गुणांचा एक टक्का किंवा त्या हेडचे दहा टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढी, आणि कुठल्याही परिस्थितीत दहाच्या वर नाही. सहाशेचा एक टक्का सहा, साठच्या हेडचे दहा टक्केही सहा. लेखीत वीस मिळवणाऱ्या मुलीला चार हवेत, ती निघाली. पण ती इंटर्नलमध्येही तीन-चार गुणांनी कमी असती, तर दोन हेड झाले, सवलत बंद. पेपर एकच आहे, विषय एकच आहे, पण कागदावर ती दोन ठिकाणी नापास आहे. हेड जितके जास्त, तितकी 'फक्त एका हेडमध्ये' ही अट पाळणं अवघड. नियम करणाऱ्यांना दोन्ही परिणाम हवे होते की एकच, हे त्या मजकुरावरून कळत नाही.

रेष कुठे ओढायची याचे दुसरे मार्ग आपल्याच राज्यात आहेत. पॉलिटेक्निकच्या मुलांनी तंत्रशिक्षण मंडळाची आय स्कीम पाहिली असेल, २०१७ नंतरची. तिच्या तक्त्यात लेखी विषयापुढे असं छापलेलं असे: सत्रान्त परीक्षा ७०, किमान २८. प्रगतिशील मूल्यमापन ३०, किमान ००. एकूण १००, किमान ४०. त्या दोन शून्यांवर मी बराच काळ विचार केला आहे. मंडळ म्हणतं, लेखीत अठ्ठावीस हवेतच. अंतर्गत गुण बेरजेत धरू, पण एकट्या त्यांच्यासाठी कुणाला नापास करणार नाही. कापूस वेचायला गेलेला मुलगा या नियमाखाली लेखीतल्या गुणांच्या बळावर तरला असता. प्रात्यक्षिकात मात्र त्याच तक्त्यात दोन्ही बाजूंना रेष होती, पंचवीसपैकी दहा आणि पंचवीसपैकी दहा. कारण प्रात्यक्षिकातलं वर्षभराचं काम शेवटच्या दिवशी दाखवता येत नाही. कर्मशाळेत फाइल कशी धरायची, ते ती धरूनच येतं. हा फरक मला पटतो. पुढच्या के स्कीममध्ये लेखी विषयाच्या तक्त्यात किमान गुण फक्त एकूण बेरजेपुढे, म्हणजे शंभरपैकी चाळीस, असे आहेत. तीस गुणांच्या अंतर्गत वाट्यातून सत्तावीस मिळाले तर लेखीत तेरा पुरतील. मघाच्या चौथ्या गुणपत्रिकेच्या दिशेनं हे एक पाऊल आहे, आणि ते मला पटत नाही.

तिसरा मार्ग वैद्यकीय शिक्षणातला. २०१९ च्या एमबीबीएसच्या नियमावलीत अंतर्गत मूल्यमापनात लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून पन्नास टक्के, आणि दोन्हीत वेगवेगळे किमान चाळीस टक्के, असल्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेला बसताच येत नाही. म्हणजे सोळाची रेष निकालाच्या दिवशी नाही, परीक्षेच्या आधी. मुलाला सप्टेंबरातच कळतं की आपण अडकलोय, जूनमध्ये नाही. मला यातली कडक टक्केवारी नको आहे, आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांना ती झेपणारही नाही. पण वेळ मात्र तिथूनच घ्यावी असं वाटतं.

राधाकृष्णन आयोगानं १९४८-४९ सालीच सुचवलं होतं की प्रत्येक विषयाचे एक तृतीयांश गुण वर्षभराच्या कामाला ठेवावेत. कोठारी आयोगानं, १९६४-६६, त्यावर एक अट घातली: अंतर्गत मूल्यमापन बाह्य परीक्षेच्या गुणांत मिसळू नका, प्रमाणपत्रावर वेगळं दाखवा. पहिली सूचना आपण मोठ्या हौसेनं घेतली. दुसरीचं आपण रूपांतर केलं. वेगळं दाखवा म्हटलं होतं, आपण वेगळं नापास करायला लागलो.

माझं म्हणणं लेखीची रेष सैल करा असं नाही, हे पुन्हा सांगतो. चोवीस चोवीसच राहू द्या. सोळाही राहू द्या, पण ती रेष लेखी परीक्षेच्या आधी लागू करा. पहिली चाचणी ऑगस्टमध्ये, दुसरी सप्टेंबर संपायच्या आत, वेचणीच्या आधी. जो गैरहजर असेल त्याच्यासाठी तिसरी चाचणी नियमातच छापलेली असावी, प्राचार्यांच्या मर्जीवर सोडलेली नको. गैरहजेरीची नोंद 'अनु.' अशी करा, शून्य लिहू नका. यादीत शून्य गेलं की संगणकाला ते गुण वाटतात, आणि मुलगा परीक्षेला आला होता पण त्याला काही आलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. पुढे फेरपरीक्षेसाठी कुणाची नावं काढायची म्हटलं तर त्या शून्यांतून गैरहजर मुलं वेगळी करता येत नाहीत.

आणि यादी विद्यापीठाकडे जाण्याआधी प्रत्येक मुलानं स्वतःच्या अंतर्गत गुणांपुढे सही करावी. त्याचा खर्च शून्य आहे. दुसऱ्या गुणपत्रिकेतल्या मुलानं सही करताना चौदा पाहिले असते, तर तिथेच विचारलं असतं, "सर, अजून एक चाचणी देता येईल का?" शिक्षकालाही सहीसाठी पुढे येणाऱ्या मुलासमोर तेराचे सोळा करताना थोडं थांबावं लागलं असतं, कारण बारावाल्याचं बोट शेजारच्याच ओळीवर असतं. काही महाविद्यालयांत ही पद्धत आहे. आपल्याकडे ती येत्या सत्रापासून सुरू करायला विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही, विभागप्रमुखानं एक रकाना आखला की झालं. परीक्षा विभागातले दोघं-तिघं आज इथे बसलेले दिसतात. प्रश्नोत्तरांत त्यांनीच सांगावं, या रकान्याला त्यांची काय अडचण आहे.